यादीत नसलेलं नाव: नोंदणीच्या टेबलावरची कथा कशी लिहावी

एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा चाळायचं काम मी काही वर्षं केलं. त्यात दर वर्षी एकदा तरी ही कथा यायची: कार्यक्रमाच्या दारात टेबल, टेबलामागे स्वयंसेवक, समोर पास नसलेला पाहुणा. शेवट दोनच. एक म्हणजे ज्याला हाकललं तोच प्रमुख पाहुणा निघतो. दुसरा म्हणजे स्वयंसेवकाचं मन विरघळतं आणि तो स्वतःचा पास काढून देतो. दोन्ही कथा मी परत पाठवायचो आणि कारणही एकच लिहायचो: नकार द्यायचा म्हणून कथा सुरू केलीत आणि ऐन वेळी तो टाळलात.

हा लेख नकार न टाळता ही कथा लिहायची कशी, याबद्दल आहे. मी एकच उदाहरण घेऊन शेवटापर्यंत जातो. प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, शाळेचा स्नेहमेळावा. तालुक्याचं गाव, साल 2023, दहावीच्या 1998 च्या बॅचला पंचवीस वर्षं झालीत. मंगल कार्यालय ठरलंय, माणशी बाराशे रुपये घेतलेत. दारातल्या टेबलावर वैशाली बसली आहे. ती शाळेत वर्गाची मॉनिटर होती, म्हणूनच हे काम तिच्या गळ्यात पडलंय. आणि येणारा आहे मारुती, जो आठवीनंतर शाळा सोडून गेला.

आधी टेबल मांडा

कथेचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी टेबलावर काय काय आहे ते कागदावर उतरवा. मी अशा टेबलावर तीन-चारदा बसलोय, त्यामुळे सांगतो: गोंधळ गर्दीचा नसतो, यादीचा असतो. स्नेहमेळाव्याची यादी शाळेच्या निकालावरून बनते, म्हणजे मुलींची नावं माहेरची. पैसे येतात यूपीआयवरून, बऱ्याचदा नवऱ्याच्या खात्यातून, म्हणजे तिथे नाव तिसरंच. समोरची बाई सांगते सासरचं आडनाव. टेबलामागची व्यक्ती एका हाताने यादीवर बोट फिरवते, दुसऱ्या हाताने मोबाईलवर खजिनदाराने पाठवलेला फोटो मोठा करून बघते आणि तोंडाने विचारते, "माहेरचं नाव काय गं?"

या गोंधळाचा कथेत उपयोग करायचा आहे. वैशालीपुढे मारुती येण्याआधी दोन माणसं येऊ द्या आणि दोघांनाही तिला आत सोडू द्या. पहिली बाई यादीत सापडत नाही, मग माहेरच्या नावाने सापडते. दुसऱ्याचं नाव यादीत आहे, पण पैसे आल्याची खूण नाही. तो पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवतो, वैशाली त्यावरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक खजिनदाराच्या कागदाशी ताडून बघते, जुळतो, ती त्याला बॅज देते आणि हसून म्हणते, "पैसे पाठवलेस, फॉर्म कोण भरणार, तुझा बाप?"

हे दोन प्रसंग मिळून तीनशे शब्दांत संपवा. त्यांच्यामुळे दोन गोष्टी होतात. वाचकाला टेबलाचे नियम कळतात, तेही कुणी समजावून न सांगता. आणि वैशाली खडूस नाही, अडलेल्याचं काम काढून देणारी आहे, हे त्याच्या मनात बसतं. पहिल्याच माणसाला नकार दिला तर ती वाचकाला नुसती दारावरची बाई वाटते आणि पुढे तिला काय होतं याच्याशी त्याला काही देणंघेणं उरत नाही.

नियम किती घट्ट असावा

निम्म्या कथा इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून बघू.

नवीन लिहिणाऱ्याला सुचणारं पहिलं कारण जेवणाचं असतं. ताटं मोजून सांगितलीत, एक जास्त झालं तर कॅटरर पैसे लावेल. आपल्याकडे हे कारण कुणीही मानणार नाही. शंभर-सव्वाशे माणसांच्या पंगतीत एक माणूस वाढल्याने काही अडत नाही, हे कार्यालयाच्या मॅनेजरपासून भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. वाचक लगेच म्हणतो, "अगं, बसव की त्याला!" आणि तिथून पुढे वैशाली जे काही करेल ते कद्रूपणाचं दिसतं.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मेळावा बोटीवर ठेवतात. चाळीस माणसांचा परवाना, चाळीस लाइफ जॅकेट, एक्केचाळिसावा चढूच शकत नाही. इथे नकार अगदी रास्त, पण कथा संपली. बोटीने नकार दिला, वैशालीने नाही. तिला पर्यायच नसेल तर तिच्या जिवाची घालमेल वाचकाने कशासाठी बघायची?

हवं ते मधलं. नियम मोडता येईल, पण मोडला तर कुणाला तरी तोंड दाखवता येणार नाही. आमच्या उदाहरणात समितीने ठरवलंय: फक्त बॅचमेट, घरच्यांना आणायचं नाही. प्रत्येक मेळाव्यात या मुद्द्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रणकंदन होतं, त्यामुळे वाचकाला हे लगेच पटतं. बॅचमेट म्हणजे कोण, तर 1998 ला दहावीला बसलेले आणि मुदतीत नाव नोंदवलेले. आता सकाळी साडेनऊला एका बाईंना त्यांचे यजमान मोटरसायकलवर साठ किलोमीटरवरून घेऊन आलेत. वैशालीने बाईंना आत सोडलं आणि यजमानांना नाही. ते भांडले नाहीत. कार्यालयाच्या ओट्यावर लाल प्लॅस्टिकची खुर्ची ओढून पेपर वाचत बसलेत. टेबलापासून दहा फुटांवर. सगळं ऐकू जातं.

या खुर्चीतल्या माणसामुळे नियम जिवंत होतो. त्याला कथेत एक वाक्यही बोलायला देऊ नका. मारुतीचं बोलणं चालू असताना पेपरचं पान उलटल्याचा आवाज यावा किंवा बराच वेळ यावा तसा येऊ नये, बस.

आणखी एक भोक बुजवायचं राहतं: मोबाईल. आजची कथा असेल तर वाचक विचारणारच की तिने समितीच्या अध्यक्षाला फोन का नाही केला. फोन बंद, रेंज नाही, असल्या पळवाटा नकोत. तिला फोन करू द्या. आतून ढोलताशाच्या आवाजात तो ओरडून म्हणतो, "कोण मारुती? बघ बाई तू, तुला योग्य वाटेल ते कर!" आणि ठेवून देतो. वरिष्ठांच्या मागे लपायची वाट बंद झाली. आता जे होईल ते वैशालीच्या नावावर.

पाहुण्याच्या हातात काहीतरी द्या

पास नसलेला पाहुणा रिकाम्या हाताने आला तर त्याच्याकडे विनवण्याखेरीज काही उरत नाही आणि विनवणीचे संवाद दोन ओळींत शिळे होतात. त्याला स्वतःचा पुरावा द्या. तुमच्या कथेतला पुरावा तुम्ही शोधा. मारुतीकडे शाळा सोडल्याचा दाखला आहे.

तो त्याच्याजवळ का असावा, याचं उत्तर मात्र पक्कं हवं. मेळाव्याला कुणी दाखला घेऊन येत नाही. मारुती टेम्पो चालवतो. मालवाहतुकीच्या वाहनाचा परवाना हवा तर किमान आठवी पास असायला लागायचं, ही अट केंद्र सरकारने 2019 मध्ये काढून टाकली. त्याआधी परवाना काढलेल्या ड्रायव्हरला आठवीचा हा एक कागद म्हणजे पोटापाण्याचा आधार होता. त्यामुळे त्याची झेरॉक्स गाडीच्या कागदांसोबत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पाकिटात पडलेली असणं अगदी साहजिक आहे. हे सगळं कथेत सांगायचं नाही. तो टेम्पोकडे जातो, कप्पा उघडतो, विमा, पीयूसी, आणि त्याखालून दाखला काढतो, एवढं पुरतं. पण लिहिणाऱ्याला कारण माहीत असलं की हालचाली खऱ्या उतरतात.

आता तो कागद वाचकाला जवळून दाखवा. दाखल्यावर काय असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: वर जनरल रजिस्टर नंबर, खाली जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, मग प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिनांक, शाळा सोडण्याचे कारण. सगळं वाचून दाखवत बसू नका. वैशालीची नजर दोनच रकान्यांवर थांबू द्या. वर्तणूक: चांगली. कारण: पालकांच्या विनंतीवरून. हीच वैशाली बोलणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहायची आणि मारुतीचं नाव तिथे रोज असायचं, हे वाचकाला आधी कुठेतरी एका वाक्यात कळलेलं असेल तर "चांगली" या शब्दापुढे तुम्हाला काही लिहावं लागत नाही.

मोह इथेच होतो. मी पहिल्या खर्ड्यात मारुतीच्या बापाचं दारू पिणं, बहिणीचं लग्न, उसाच्या फडावरची दोन वर्षं, सगळं घातलं होतं. ते काढलं. गरिबी जास्त झाली की पाहुणा माणूस राहत नाही, दयेचा विषय होतो, आणि वैशालीचा नकार उगाच राक्षसी वाटू लागतो. मारुतीचं बरं चाललंय. स्वतःचा टेम्पो आहे. आज सकाळी याच कार्यालयात पाण्याचे वीस लिटरचे जार त्यानेच मागच्या दाराने उतरवलेत, तेव्हा बॅनर पाहिला, घरी जाऊन अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुढच्या दाराने आला. बाराशे रुपयेही खिशात आहेत, तो द्यायला तयार आहे. म्हणजे पैशाचाही प्रश्न राहिला नाही.

नावाबद्दल एक सूचना. मराठीत आडनाव लिहिलं की वाचक जात ओळखतो, निदान ओळखल्यासारखं करतो, आणि कथा त्या अंगाने वाचू लागतो. तुम्हाला ती कथा लिहायची असेल तर जरूर लिहा, पण मग ती पूर्ण लिहा. नसेल तर मारुती पुरे.

तू आणि तुम्ही

आता मुख्य प्रसंग. इथे मराठीने तुमच्या हातात एक फार चांगलं हत्यार दिलंय आणि बरेच लेखक ते वापरतच नाहीत. दोन माणसांमधलं अंतर आपण सर्वनामाने मोजतो. म्हणून संवाद लिहिण्याआधी फक्त एवढं ठरवा की कुठल्या ओळीला कोण कुणाला काय म्हणतंय.

आमच्या कथेत असं आहे. सुरुवातीला ती "तुम्ही", तो "मॅडम". दाखला बघितल्यावर ती ओळखते आणि "तू"वर येते. तो तिला नावाने हाक मारत नाही, कारण त्या काळी तालुक्याच्या शाळेत मुलगे मुलींना नावाने फारसे हाकारत नसत, तो "मॉनिटर" म्हणतो. थोडा वेळ दोघं त्या जुन्या वर्गात असतात. आणि मग नकार देताना ती पुन्हा "तुम्ही"वर जाते. "नाही" हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

हा भाग मी असा लिहिला:

"मारुती? मारत्या तू?"

"हां. केस गेले, म्हणून ओळखू आलो नसेन."

"अरे, काय हे! कुठे असतोस?"

"हितंच. सकाळी जार टाकून गेलो आत. मॉनिटर, तू अजून यादीच घेऊन बसलीस व्हय?"

ती हसली. हसता हसता तिने फोन लावला, कानाला लावून एक बोट दुसऱ्या कानात घातलं, दोनदा "हो, पण" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. ओट्यावर पेपरचं पान उलटायचं थांबलं होतं.

"काय म्हणला?"

वैशालीने दाखला पाकिटात घातला. पाकिटाचं तोंड जुनं होऊन चिरलं होतं, कागदाचा कोपरा अडकत होता, तिने तो नखाने आत सरकवला.

"त्याचं असं आहे," ती म्हणाली, "यादी दहावीची केलीय."

"मी पैसे देतो की. हे बघ."

"पैशाचं नाही हो." ती पाकीट त्याच्यापुढे धरून उभी राहिली. "तुम्ही असं करा, चारनंतर या. फोटो-बिटो होतील तोवर. बाहेरच भेटतील सगळे."

मारुतीने पाकीट घेतलं. नोटा तशाच मुठीत होत्या.

"बरं मॅडम," तो म्हणाला.

इथे एक बारीक गोष्ट बघा. "पैशाचं नाही हो" यातला "हो" आधी येतो आणि "तुम्ही" पुढच्या बोलण्यात. वैशालीने ठरवून अंतर वाढवलेलं नाही, ते तिच्या तोंडून निसटलंय, म्हणून आधी छोटा शब्द घसरतो आणि मग मोठा. थेट "तुम्ही" टाकलं असतं तर ती त्याला झिडकारते आहे असं वाटलं असतं. तुमच्या कथेत पाहुणा वयाने मोठा असेल तर हा खेळ उलटा होईल. तिथे स्वयंसेवक "काका", "मावशी" म्हणत असेल आणि नकाराच्या वाक्यातून तो नात्याचा शब्द गळून पडेल. दोन मावशींनंतर आलेलं बिनमावशीचं वाक्य वाचकाला बरोबर टोचतं.

प्रसंग जमलाय की नाही हे तपासायचं तर संवाद कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या, मधली वर्णनं काढून. नकार नेमका कुठल्या ओळीला झाला हे त्याला सांगता आलं तर ठीक. "चारनंतर या" या ओळीवर त्याने बोट ठेवलं तर हरकत नाही, "हो"वर ठेवलं तर फार उत्तम. पण "नियम म्हणजे नियम" छापाच्या एखाद्या भाषणावर ठेवलं तर ते भाषण खोडा.

मारुती गेल्यावर

नकारानंतर जास्तीत जास्त दीडशे शब्द. अठराशे शब्दांची कथा असेल तर नकार सोळाशेच्या पुढे यावा, म्हणजे माझ्यासारख्यांना शेवट लांबवायला जागाच राहत नाही.

मी टाकून दिलेले दोन शेवट सांगतो, कारण तुम्हालाही तेच सुचतील. एकात दुपारी पाणी संपतं, कॅटरर फोन करतो, आणि मारुती जार घेऊन मागच्या दाराने आत येतो, तिथे सगळे त्याला ओळखतात. खूप आवडला होता मला हा. पण तो लेखकाचा हुशारपणा आहे. जगाने जागेवर आणून ठेवलं की वैशालीने काय केलं हे पुसलं जातं. दुसऱ्यात वैशाली बॅज काढून टेबलावर ठेवते आणि स्वतःही निघून जाते. हे तर पास देऊन टाकण्याचंच दुसरं रूप.

पक्का शेवट मिळाला तो टेबलावरच्या सामानातून. म्हणून सुरुवातीला ती यादी करायला सांगितली. मेळाव्याची यादी पहिल्या नावाने लावलेली आहे, हे पहिल्या दोन प्रसंगांत वाचकाने बघितलंय. वैशालीचं बोट त्यावरून फिरताना त्याने दोनदा पाहिलंय. आता मारुती टेम्पोकडे गेलाय, रांगेतला पुढचा माणूस पुढे सरकतो, आणि बोट तिसऱ्यांदा फिरतं. खुर्चीतल्या यजमानांचं काय? पेपरचं पान उलटल्याचा आवाज आता येऊ द्या. ते समाधानाने उलटलं की शरमेने, हे तुम्हीही ठरवू नका.

बाहेर टेम्पो सुरू झाला. ओट्यावर पान उलटलं.

"नाव?" वैशालीने विचारलं.

"मिलिंद. अगं, ओळखलं नाहीस का?"

तिने यादीवर बोट ठेवलं. मंगल, मनीषा, महेश, माधुरी. माधुरीच्या खाली मिलिंद होता. बोट दोन्ही नावांच्या मधल्या रेघेवर थांबलं.

"अगं, हे काय, हे बघ ना माझं नाव," मिलिंद वाकून म्हणाला.